घरच्यांचा पैसा धंद्यात घेताना: एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड?

दोन-तीन जणांनी मिळून छोटा धंदा उभा करताना आणि त्यात एखाद्या नातेवाइकाचे भांडवल घेताना एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी करावी की प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, हा प्रश्न हमखास येतो. नोंदणीचा खर्च, वार्षिक फॉर्म, कराचे दर ही माहिती कोणताही सीए देईल. मी दोन्ही प्रकारांतून गेलो आहे, त्यामुळे येथे एवढाच मुद्दा घेतो की धंदा बुडाला तर कोणाच्या घरापर्यंत कोण पोचू शकते.

मूळ तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९७ मध्ये सॅलोमन खटल्यात ते पक्के केले. बूट तयार करणाऱ्या सॅलोमन यांच्या कंपनीत पत्नी, मुलगी आणि चार मुलगे यांच्याकडे प्रत्येकी एक शेअर होता आणि बाकीचे जवळजवळ सगळे त्यांच्या स्वतःकडे. तरीही कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे आणि तिचे देणे सॅलोमन यांचे देणे नव्हे, असा निर्णय झाला. आपल्याकडे भागधारकाने शेअरची पूर्ण रक्कम भरली असेल तर कंपनीच्या कर्जासाठी त्याच्याकडे आणखी काही मागता येत नाही. २००८ च्या एलएलपी कायद्यानेही भागीदाराला असेच संरक्षण दिले, आणि एका भागीदाराच्या चुकीची वैयक्तिक जबाबदारी दुसऱ्यावर येत नाही हेही स्पष्ट केले. केवळ व्यावसायिक सल्ला देणाऱ्या भागीदारांसाठी ही तरतूद खरोखर मोलाची आहे.

धंदा आणि त्याचे मालक यांच्यामधला हा कायदेशीर पडदा न्यायालय दूर करून मालकांना गाठेल, ही भीती अनेकांना वाटते. त्या बाबतीत दोन प्रकारांत मला फारसा फरक आढळलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या प्रकरणात दिलेला निर्णय याचे उत्तम उदाहरण आहे. त्यांनी चार खासगी कंपन्या स्थापन केल्या आणि आपल्या गुंतवणुकीचा एकेक भाग आपण त्या त्या कंपनीसाठी सांभाळत असल्याचे दाखवले. लाभांश आणि व्याज कंपनीच्या खात्यात जमा होई आणि तेच पैसे कर्ज म्हणून पुन्हा त्यांच्याकडे येत. या कंपन्यांना दुसरा काहीही धंदा नव्हता. कंपनी म्हणजे करदाता स्वतःच आहे आणि सुपर टॅक्स टाळण्यापलीकडे तिचा हेतू नाही, असे न्यायालयाने ठरवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्किपर कन्स्ट्रक्शन प्रकरणात हाच मार्ग धरला. एकच जागा अनेकांना विकून पैसे गोळा करणाऱ्या कुटुंबाने उभ्या केलेल्या निरनिराळ्या कंपन्या एकाच घराची मालमत्ता मानता येतील, असे त्या निर्णयात म्हटले आहे.

उलट २०१४ मध्ये बलवंत राय सलुजा विरुद्ध एअर इंडिया या कँटीन कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडदा दूर करण्यास नकार दिला, कारण केवळ मालकी आणि नियंत्रण असणे पुरेसे नाही. जबाबदारी चुकवण्यासाठी कंपनीच्या आवरणाचा गैरवापर झालेला दिसला पाहिजे. प्रामाणिकपणे चालवलेला धंदा तोट्यात गेला, तर न्यायालय मालकाच्या घरावर येण्याची शक्यता फार कमी असते. धोका दिसतो तो कंपनीच्या खात्यातून घरखर्च भागवणे, नावापुरती कर्जे दाखवणे, धनकोंना चुकवून माल दुसऱ्या नावावर वळवणे यांत. फसवणूक सिद्ध झाली तर जाणूनबुजून सहभागी असलेल्यांवर अमर्याद जबाबदारी टाकण्याची तरतूद दोन्ही कायद्यांत आहे.

व्यवहारात पडदा न्यायालयापेक्षा इतर दोन ठिकाणी जास्त वेळा बाजूला होतो. पहिले ठिकाण बँक. वैयक्तिक हमीवर सही केली की मर्यादित जबाबदारी त्या कर्जापुरती संपते. कंपनीची दिवाळखोरी योजना मंजूर झाली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हे २०२१ च्या ललित कुमार जैन निर्णयाने स्पष्ट झाले आहे. ही अडचण दोन्ही प्रकारांत सारखीच आहे, त्यामुळे ज्याला फक्त भांडवल घालायचे आहे त्याने हमीपत्रावर सही करू नये, एवढे पाळावे. दुसरे ठिकाण जीएसटी, आणि माझा कल ठरला तो तेथे.

आमच्या एलएलपीत माझे मामा भागीदार होते. त्यांनी पैसे घातले होते, कामात त्यांचा काही भाग नव्हता. वयामुळे ते बाहेर पडले, आम्ही रजिस्ट्रारकडे फॉर्म ४ भरला, आणि विषय संपला असे सर्वांनाच वाटले. पुढे एका पुरवठादाराने कर न भरल्यामुळे आमचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, नाकारले गेले आणि मागणीची नोटीस मामांच्या नावानेही आली, त्यांच्या निवृत्तीनंतरच्या काळासाठीसुद्धा. कारण जीएसटी कायद्याच्या कलम ९० नुसार फर्मच्या कराला प्रत्येक भागीदार संयुक्तपणे आणि वेगवेगळा जबाबदार असतो, आणि त्याच प्रकरणातील कलम ९४ च्या स्पष्टीकरणात एलएलपीलाही फर्म मानले आहे. एलएलपी कायदा काहीही म्हणत असला तरी कलम ९० ची भाषा त्यावर मात करते. शिवाय निवृत्तीची लेखी सूचना एका महिन्यात आयुक्तांकडे गेली नाही, तर ती पोचेपर्यंत जबाबदारी चालूच राहते. रजिस्ट्रारकडचा फॉर्म त्यासाठी चालत नाही. प्रकरण शेवटी निवळले, पण आयुष्यभर कोणाचे देणे न ठेवलेल्या माणसाला त्या काळात झालेला त्रास मी जवळून पाहिला आहे.

हेच कंपनीत कसे झाले असते ते पाहा. समजा दोन भावंडे धंदा चालवतात आणि मामा चार लाख घालतात. धंदा बंद पडतो, मालमत्ता विकूनही पुरवठादारांचे पंचवीस लाख आणि जीएसटीचे पंधरा लाख उरतात. पुरवठादारांचे पैसे दोन्ही प्रकारांत बुडतात. कंपनी असेल तर कलम ८९ नुसार जीएसटीची वसुली त्या काळातील संचालकांकडून होऊ शकते, भागधारकांकडून नाही. मामांचे चार लाख जातात आणि त्यांच्यापुरता हिशेब तेथे संपतो. संचालक असलेल्या भावंडांनाही बचावाची संधी आहे. वसुली न होण्याला आपला घोर निष्काळजीपणा, गैरवर्तन किंवा कर्तव्यभंग कारण नाही, हे त्यांनी सिद्ध केले तर ते सुटतात. ते सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर आहे आणि तो हलका नाही, हे मान्य केले पाहिजे. एलएलपीच्या भागीदाराला कलम ९० मध्ये अशा बचावाची सोय नाही, आणि कायद्याच्या शब्दांप्रमाणे पंधराच्या पंधरा लाख एकट्या मामांकडे मागता येतात.

लेखापरीक्षणाचाही विचार करावा. उलाढाल चाळीस लाखांच्या आणि भांडवल पंचवीस लाखांच्या आत असलेल्या एलएलपीला ते सक्तीचे नाही, कंपनीला दरवर्षी करावेच लागते. हा खर्च मला सुरुवातीला खटकत असे. पण धंद्याचे आणि घरचे पैसे वेगळे होते हे दाखवण्याची वेळ आली, तर वर्षानुवर्षांची तपासलेली पुस्तके हाच सर्वांत भक्कम पुरावा ठरतो, असे मला वाटते.

सर्व भागीदार स्वतः काम करणारे असतील, काम सल्ल्याचे असेल आणि जीएसटीची गुंतागुंत कमी असेल, तर एलएलपी निवडण्यात काही गैर नाही. पण मालाची खरेदी-विक्री मोठी असेल आणि भांडवल घालणारा माणूस कामापासून दूर राहणार असेल, तर मी कंपनीच करीन, त्याला शेअर देईन आणि संचालक मंडळाबाहेर ठेवीन. एलएलपीच ठेवायची ठरली, तर भागीदार बाहेर पडताच महिन्याच्या आत जीएसटी आयुक्तांना लेखी सूचना द्यावी आणि तिची पोच त्या भागीदाराच्या हाती द्यावी.