रेस्टिक: प्रबंधाच्या फायलींसाठी आठ-नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, कारण लेख लांब आहे. रेस्टिक हे बॅकअपचं मोफत, मुक्तस्रोत साधन आहे. ते दिसायला रुक्ष आहे, खिडक्या-बटणं काही नाहीत, सगळं काळ्या पडद्यावर टाइप करायचं. पण एखादी फाइल मागच्या महिन्यातल्या अमुक दिवशी कशी होती हे बघायची वेळ आली, तर ते चोख काम करतं. आमच्या घरात ते माझ्या ताईच्या पीएचडीमुळे आलं.

ताईचा विषय जात्यावरच्या ओव्या. प्रबंध मराठीत, आणि सोबत गावोगावच्या बायकांच्या आवाजातली चाळीसेक जीबी ध्वनिमुद्रणं. सादरीकरणाला थोडे दिवस उरले असताना एका संध्याकाळी ती फाइल सेव्ह करत होती आणि वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे लॅपटॉप जागीच बंद. वीज आल्यावर फाइल जागेवर होती, आकारही पूर्वीइतकाच, सहा-साडेसहा एमबी. फक्त उघडत नव्हती.

ताई म्हणाली, “अरे, साइज तर तेवढीच आहे, मग आत असणारच की!” बऱ्याच जणांची इथेच फसगत होते. विंडोजची फाइल सिस्टीम फाइलचं नाव, आकार, जागा यांची नोंद जपून ठेवते, पण आतला मजकूर डिस्कवर पोचलाच असेल याची हमी देत नाही. ऐन वेळी वीज गेली तर नोंद पूर्ण आणि आत नुसती शून्यं, असं होऊ शकतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. `.docx` ही मुळात झिप फाइल असते, त्यामुळे ती नोटपॅडमध्ये उघडली की सुरुवातीला `PK` ही दोन अक्षरं दिसलीच पाहिजेत, पुढे मग कितीही कचरा दिसो. ताईच्या फायलीत कचराही नव्हता. कोरं पान. अशा फायलीला दुरुस्तीचं कुठलंही सॉफ्टवेअर लावा, दुरुस्त करायला आत काही नसतंच.

फाइल क्लाउड सिंकच्या फोल्डरमध्ये होती, म्हणून आम्ही थोडे निर्धास्त होतो. पण लॅपटॉप चालू होताच सिंकने ‘फाइल बदलली आहे’ एवढंच पाहिलं आणि शून्यांची फाइल इमानेइतबारे वर चढवली. घरच्या डेस्कटॉपवरही तीच उतरली. सेवा फुकटातली होती, त्या योजनेत जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय नव्हती. ऑटोरिकव्हरच्या फोल्डरमध्येही काही सापडलं नाही. सिंकचं काम सगळीकडची प्रत सारखी ठेवणं हे आहे, आणि ते त्याने केलं. दोन ठिकाणी प्रत असूनही आवृत्ती मात्र एकच होती, तीही कोरी.

शेवटी मार्गदर्शकांना पूर्वी पाठवलेली पीडीएफ सापडली. इंग्रजी प्रबंध असता तर कॉपी-पेस्ट करून निम्मं काम झालं असतं. देवनागरीचं तसं नाही. पीडीएफमधून मजकूर उचलला की वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, जोडाक्षरं फुटतात, रफार गायब होतात. ‘स्त्रियांच्या’ हा शब्द दर वेळी नव्या रूपात समोर यायचा. दोन प्रकरणं अशी दुरुस्त करून पाहिल्यावर ताईने नाद सोडला आणि छापील प्रत शेजारी ठेवून सरळ पुन्हा टाइप करायला घेतलं. मुदतवाढीचा अर्ज, त्याची फी, सह्यांसाठी फेऱ्या हे सगळं ओघाने आलंच.

त्याच आठवड्यात मी रेस्टिक बसवलं. इन्स्टॉल करण्यासारखं फारसं नाही, एकच `.exe` फाइल असते. बाहेरची हार्डडिस्क लावायची, तिच्यावर `init` ने एक साठा तयार करायचा आणि पासवर्ड द्यायचा. रात्री तो टाइप करायला कुणी नसतं, म्हणून तो एका फायलीत ठेवून तिचा पत्ता विंडोजच्या `RESTIC_PASSWORD_FILE` या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्यायचा. त्यानंतर रोज रात्री दहाला टास्क शेड्युलरमधून या दोन ओळी चालतात:

```
restic -r E:\nakkal backup D:\prabandh --use-fs-snapshot
restic -r E:\nakkal forget --keep-daily 30 --keep-weekly 26 --keep-monthly 24 --prune
```

पहिली ओळ फोल्डरचा त्या क्षणाचा स्नॅपशॉट घेते. शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. ताई रात्री दहाला लिहीतच असते, आणि उघड्या फायली अर्धवट वाचल्या जाऊ नयेत म्हणून तो विंडोजकडून डिस्कची गोठवलेली प्रत मागून घेतो. त्यासाठी हे काम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावं लागतं. झोटेरोमध्ये संदर्भ ठेवणाऱ्यांनी तर तो शब्द घालावाच, कारण झोटेरोचा सगळा डेटाबेस `zotero.sqlite` या एका फायलीत असतो आणि तो चालू असताना घेतलेली साधी नकल बिघडलेली निघू शकते. (हाच डेटाबेस सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका, असं झोटेरोवालेही बजावून सांगतात.)

दुसरी ओळ जुने स्नॅपशॉट विरळ करते. शेवटच्या तीस दिवसांचा रोजचा एक राहतो, त्यामागे आठवड्याचा एक, त्याहीमागे महिन्याचा एक. हे आकडे मी मुद्दाम सैल ठेवले, त्याचं कारण पुढे येईल.

रोज स्नॅपशॉट म्हटल्यावर लोक जागेचं विचारतात. रेस्टिक फायलींचे साधारण एकेक एमबीचे तुकडे करतं आणि आधी साठवलेला तुकडा पुन्हा साठवत नाही. त्यामुळे चाळीस जीबी ओव्या पहिल्या रात्री एकदाच गेल्या, त्यानंतर रोजचं काम एक-दोन मिनिटांत आटोपतं. प्रबंधाची फाइल मात्र झिप असल्याने तिच्यातला मजकुराचा भाग दर वेळी बराचसा नव्यानेच साठवला जातो. पण सहा एमबीची फाइल रोज अख्खी गेली तरी महिन्याचे दोनशे एमबीसुद्धा होत नाहीत. तेव्हा जागेची काळजी सोडा.

खरी परीक्षा झाली ती काही महिन्यांनी, आणि या वेळी ना वीज गेली होती ना डिस्क. मार्गदर्शकांनी ताईला सांगितलं होतं, “विश्लेषणात ‘आजी’ म्हणू नका, ‘निवेदक’ म्हणा.” तिने फाइंड-रिप्लेस उघडून ‘रिप्लेस ऑल’ दाबलं. जवळपास तीन आठवड्यांनी ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहताना तिला ओवीतच ‘निवेदक’ सापडला. जात्यावर बसलेली कुठली बाई ‘निवेदक माझी’ म्हणेल? मग शोधाशोध केली तर ‘आजीवन’चं ‘निवेदकवन’ झालेलं, ‘आजीविका’ची ‘निवेदकविका’. शब्द हसण्यासारखे, पण मूळ ओव्यांचा पाठ बदलला होता आणि तो प्रबंधाचा कणा. उलटं रिप्लेस करणं शक्य नव्हतं, कारण ‘निवेदक’ हा शब्द तिने आधीही ठिकठिकाणी वापरला होता. अनडू तर फाइल बंद केली तेव्हाच गेलं.

इथे एकच ताजी प्रत ठेवणारा बॅकअप काहीच कामाचा नव्हता, त्यातही ‘निवेदकवन’च असतं. रिप्लेस नेमकं कोणत्या दिवशी केलं हे ताईला आठवत नव्हतं. म्हणून आधी यादी काढली:

```
restic -r E:\nakkal find -l thesis.docx
```

यातून प्रत्येक स्नॅपशॉटमधल्या फायलीचा आकार आणि तारीख दिसते. मग महिन्याच्या मधला एक स्नॅपशॉट निवडला आणि त्यातली फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये काढली. चालू फोल्डरमध्ये कधीच काढू नये, घाईत ताज्या फायलीवरच जुनी बसायची.

```
restic -r E:\nakkal restore 4f1c9a2e --target D:\parat --include thesis.docx
```

(तो आकडा स्नॅपशॉटचा ओळखक्रमांक, तुमच्याकडे वेगळा असेल.) काढलेल्या फायलीत ‘निवेदकवन’ शोधायचं. सापडलं तर त्याच्या आधीच्या अर्ध्या काळात जायचं, नाही सापडलं तर नंतरच्या. असं चार-पाच वेळा अर्धं-अर्धं करत गेल्यावर दोन लागोपाठचे दिवस हाती आले, पहिला स्वच्छ आणि दुसरा बिघडलेला.

स्वच्छ प्रत सापडली म्हणून तिच्यावर परतायचं, असं मात्र नव्हतं. मधल्या तीन आठवड्यांत एक अख्खं प्रकरण लिहून झालं होतं. तेव्हा त्या दोन दिवसांच्या फायली वर्ड प्रोसेसरमधल्या ‘कंपेअर’ला दिल्या. त्या दिवशी ताईने बाकी फार लिहिलं नव्हतं, त्यामुळे फरकाच्या यादीत बहुतेक सगळे रिप्लेसचेच शब्द आले. ती यादी छापून ताईने चालू फायलीत एकेक जागा हाताने दुरुस्त केली. अर्धा दिवस गेला. रोजचे स्नॅपशॉट सातच दिवसांचे ठेवले असते, तर लागोपाठचे दोन दिवस मिळालेच नसते. आठवड्याच्या दोन प्रतींमधले सगळे बदल त्याच यादीत मिसळले असते आणि नको ते निवडत बसावं लागलं असतं.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी म्हणजे काम होत नसेल तर कुणी सांगत नाही. एकदा ताईने डिस्क दुसऱ्या पोर्टला लावली, आधी एक पेन ड्राइव्ह होता, आणि `E:` ची `F:` झाली. शेड्युलर रोज रात्री मुकाट अपयशी होत राहिला. तेव्हापासून डिस्कला डिस्क मॅनेजमेंटमधून एक ठरलेलं अक्षर देऊन टाकलं आहे आणि दर रविवारी मी `restic snapshots` चालवून शेवटची तारीख बघतो. ‘at least one source file could not be read’ असा इशारा दिसला तर स्नॅपशॉट झालेला असतो, पण त्यात काहीतरी सुटलेलं असतं. वरच्या ओळी वाचल्या की कोणती फाइल सुटली ते कळतं.

दुसरी गोष्ट पासवर्डची. साठा कूटबद्ध असतो आणि पासवर्ड हरवला तर परत मिळवायचा कुठलाही मार्ग नाही, रेस्टिक बनवणाऱ्यांकडेही नाही. आमचा पासवर्ड कागदावर लिहून आईच्या कपाटात दागिन्यांच्या डब्यात आहे. ताईला हे हास्यास्पद वाटतं. मला वाटत नाही.

तिसरी म्हणजे लिनक्सवर `restic mount` ने जुने स्नॅपशॉट साध्या फोल्डरसारखे उघडून चाळता येतात, विंडोजवर ती सोय नाही. ‘आजी’ प्रकरणात ती असती तर पाच वेळा फाइल काढावी लागली नसती. काळ्या पडद्याची अ‍ॅलर्जी असेल त्यांनी विंडोजचीच फाइल हिस्ट्री चालू करावी, तिच्यातही आवृत्त्या राहतात आणि उजव्या क्लिकने मिळतात. लाटेकमध्ये लिहिणाऱ्यांना गिट अधिक सोयीचं, तिथे कोणती ओळ बदलली तेच थेट दिसतं. वर्डच्या फायलीसाठी त्याचा तसा फायदा नाही.

एक काम राहिलं आहे. डिस्क आणि लॅपटॉप एकाच टेबलावर असतात, म्हणजे चोरी झाली तर दोन्ही एकदमच जातील. रेस्टिकला त्याच साठ्याची दुसरी प्रत `copy` ने दुसऱ्या डिस्कवर करता येते. ती डिस्क घेऊन मामाकडे ठेवायची असं ठरलं आहे, फक्त तिचे पैसे कोणी द्यायचे यावर ताईचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.