आठ महिने वापरल्यावर : मुलाखतीच्या पॉडकास्टची शीर्षकं आणि शो नोट्स

माझा शो द्राक्ष बागायतदारांच्या मुलाखतींचा. निफाड, दिंडोरी, सांगोला असं फिरून रेकॉर्ड करते, महिन्याला तीन भाग. पहिले अकरा भाग मी मनापासून नावं देऊन टाकले : ‘भाग ४ : मातीशी जडलेलं नातं’, ‘भाग ७ : वेलीवरची माणसं’. वाचायला छान, पण सापडायला अशक्य. पिंपळगावच्या एका काकांचा फोन आला, “अहो ताई, तुम्ही डावणीवर तासभर बोलला म्हणे, पण मी डावणी टाकून शोधतोय, सारखं कुणी दुसरंच येतंय.” डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आणि तो भाग ‘वेलीवरची माणसं’ होता. डावणी हा शब्द शीर्षकात नव्हता आणि नोट्समध्येही नव्हता. नोट्समध्ये फक्त “एक अनुभवी बागायतदार आपला प्रवास उलगडतात” एवढंच.

तेव्हापासून शीर्षकं आणि शो नोट्स लिहायची पद्धत बदलली. आता आठ महिने झाले, म्हणून हा अनुभव.

सगळ्यात आधी कळलेली गोष्ट म्हणजे लोक कुठल्या शब्दाने शोधतात हे आपल्याला सांगणारी जागा एकच, यूट्यूब स्टुडिओ. तिथे ट्रॅफिक सोर्समध्ये ‘यूट्यूब सर्च’ उघडलं की टाइप झालेले शब्द दिसतात. ॲपल पॉडकास्ट्स कनेक्टमध्ये किती ऐकलं, कुठे सोडलं ते कळतं, शोधलेला शब्द नाही. त्यामुळे मी प्रत्येक भाग ऑडिओ फीडबरोबर यूट्यूबवरही टाकते, भले स्थिर चित्रावर आवाज असो, आणि तिथली यादी महिन्यातून एकदा वहीत उतरवते. त्या यादीत मला ‘द्राक्षातील बुरशीजन्य रोग’ एकदाही दिसलं नाही. दिसलं ते ‘डावणी’, ‘भुरी’, ‘davni’, ‘draksha davni’, ‘ऑक्टोबर छाटणी नंतर पाऊस’. कृषी विभागाच्या पुस्तिकेत डावणीला केवडा असंही म्हणतात. माझ्या यादीत केवडा जवळपास नव्हता, पण मी तो नोट्समध्ये एकदा टाकते, कारण तिकडच्या जुन्या मंडळींच्या तोंडी तो आहे.

मग भाग ७ चं शीर्षक असं झालं :

```xml
<title>डावणी : पहिल्या दोन दिवसांत काय केलं? | निफाडचे बागायतदार</title>
<itunes:episode>7</itunes:episode>
```

भागाचा क्रमांक शीर्षकातून काढला. त्यासाठी ॲपलने स्वतंत्र टॅग दिलेला आहे, होस्टिंगच्या फॉर्ममध्ये ‘एपिसोड नंबर’ म्हणून चौकट असते, तिथे भरायचा. फोनच्या यादीत शीर्षक पूर्ण दिसत नाही, कापलं जातं. तिथे सुरुवातीची जागा ‘भाग ७ :’ ला दिली की मुद्दा कापला जाणार.

आता शीर्षकात डावणी शब्द असा उघडा, एकटा का ठेवलाय ते सांगते, कारण ही गोष्ट मराठीतल्या लोकांनाच नडते. आपण शब्दाला प्रत्यय चिकटवतो. ‘डावणीवर’, ‘डावणीचा’ इथपर्यंत ठीक, कारण सुरुवातीची अक्षरं तीच राहतात आणि बहुतेक शोध अर्धा शब्द जुळला तरी दाखवतात. पण ‘कांदा’चं ‘कांद्याचा’ झालं की शब्दाचं पोटच बदललं. कांदा टाकून शोधणाऱ्याला ‘कांद्याचं गणित’ नावाचा भाग सापडेलच असं नाही. म्हणून मुख्य शब्द मूळ रूपात, मागे विरामचिन्ह, मग बाकी वाक्य. वाचायला जरा तुटक वाटतं हे मान्य. पहिले दोन महिने मलाही खटकायचं.

त्याहून चमत्कारिक गोष्ट ‘शेतकऱ्यांनी’ या शब्दाची. हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला य जोडतात, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त, मध्ये न दिसणारा जोडक आणि मग य. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे अक्षरसमूह. माझ्या एका भागाचं शीर्षक लॅपटॉपवर लिहिलेलं आणि मी फोनवर टाइप करून शोधत होते, सापडेना. शीर्षकातलाच शब्द कॉपी करून चिकटवला, तर लगेच वर आला. तसंच ‘ॲप’ आणि ‘अॅप’चं आहे. मोठी ॲप्स हे फरक काही ठिकाणी सांभाळून घेतात, पण मी आता अशा शब्दांवर भार टाकतच नाही, ‘शेतकरी’ लिहिते आणि मोकळी होते.

शो नोट्सबद्दल आधी एक चाचणी सांगते, कुणालाही करता येईल. भागाच्या नोट्समध्ये असा एक शब्द टाका जो शीर्षकात नाही आणि दुसऱ्या कुणाच्या पॉडकास्टात असण्याची शक्यता कमी. मी एका वाडीचं नाव टाकलं. आठवड्याने ते नाव शोधलं. स्पॉटिफायवर भाग आला, ॲपलवर नाही. मग तेच नाव शीर्षकात नेलं, एक-दोन दिवसांत ॲपलवरही आला. म्हणजे माझ्या अनुभवात ॲपलसाठी शोध शीर्षकावर उभा आहे, आणि स्पॉटिफायवर नोट्सनाही वजन आहे. स्पॉटिफायच्या इंजिनिअरांनी मार्च २०२२ मध्ये लिहिलं होतं की भाग शोधताना ते नेमका शब्द जुळण्यापलीकडे अर्थानेही जुळवतात आणि त्यासाठी भागाचं शीर्षक-वर्णन वापरतात. त्यामुळे तिथे पूर्ण, साध्या वाक्यांची नोट उपयोगाची, शब्दांचा ढीग नाही.

मी लिहिते ती नोट अशी : पहिलं वाक्य प्रश्नाचं, “ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला आणि पानाखाली पांढरी बुरशी दिसली, तेव्हा या बागायतदाराने काय केलं?” दुसऱ्यात पाहुणा, गाव, किती एकर, कोणती जात. या दोन ओळी महत्त्वाच्या, कारण ‘आणखी’ दाबण्याआधी तेवढंच दिसतं. त्याखाली कितव्या मिनिटाला काय आहे त्या वेळा. यूट्यूबवर त्यांचे चॅप्टर व्हायचे असतील तर पहिली वेळ 00:00 हवी, किमान तीन वेळा हव्यात आणि प्रत्येक तुकडा किमान १० सेकंदांचा. चॅप्टरला ‘प्रस्तावना’, ‘गप्पा’ अशी नावं देऊ नका, चॅप्टरची नावं म्हणजे दुसरी शीर्षकंच, ती अशी हवीत : ‘भुरी आणि डावणी वेगळी कशी ओळखली’. शेवटी एका वाक्यात रोमनमधलं रूप, “डावणी, म्हणजे downy mildew, काही जण davni लिहून शोधतात.” एकच वाक्य. याच जागी मी एकदा वीस शब्दांची रांग लावली होती. यूट्यूबला वर्णनात शब्दांची अशी गर्दी चालत नाही, तो नियमभंगच आहे. शोच्या नावात आणि लेखकाच्या नावात असले शब्द कोंबले तर ॲपल शो नाकारू शकतं.

शोचं वर्णन लिहिताना एक अडचण येते, ती कुणी सांगत नाही. ॲपलची मर्यादा ४००० बाइटची आहे, अक्षरांची नाही. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन. ‘द्राक्ष’ आपल्याला दोन अक्षरं वाटतात, पण आत द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष अशी सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. हिशेब केला तर मराठीत जेमतेम १३०० चिन्हं बसतात. म्हणून मुद्द्याची गोष्ट आधी.

आता तक्रारी, म्हणजे बहुतेक माझ्याच चुका. जुन्या अकरा भागांची नावं बदलताना पहिल्या तीन भागांना मी ‘एडिट’ न करता काढून पुन्हा अपलोड केलं. होस्टिंगने त्यांना नवा guid दिला. guid ही भागाची ओळख, ती बदलली की ॲपच्या लेखी तो नवा भाग. ज्यांनी शो फॉलो केलेला त्यांच्याकडे जुने तीन भाग ‘नवीन’ म्हणून आले, आणि आधीचे ऐकण्याचे आकडे गेले ते गेलेच. उरलेल्या आठांची मी फक्त शीर्षकाची चौकट बदलली, त्यांना काही झालं नाही. बदल दिसायला एखादा दिवस लागतो, तासाभरात घाबरून पुन्हा बदलू नका.

दुसरी चूक मोहाची. एका भागाला ‘एकरी किती लाख सुटले?’ असं नाव दिलं. मुलाखतीत पैशांवर पाच मिनिटं होती, तीही शेवटी. क्लिक भरपूर आले, पण कनेक्टमध्ये पाहिलं तर बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला गेलेले. एका दादांनी खाली लिहिलं, “पैशाचं कुठंय?” त्यांचं बरोबर होतं. नाव बदलून ‘निर्यात द्राक्ष : माल नाकारला गेला तेव्हा’ केलं. क्लिक कमी झाले, ऐकणारे टिकले.

पाहुण्याचं नाव कुठे? मोठा माणूस असेल तर पुढे ठेवा, त्याच्या नावानेच शोध होतो. माझे पाहुणे त्यांच्या तालुक्याबाहेर कुणाला माहीत नसतात, म्हणून नाव शेवटी, गावासकट. पण गाळू नये. भाग आला की पाहुण्याच्या घरचे, सोसायटीतले, पाव्हणेरावळे गावाचं नाव टाकूनच शोधतात, आणि नव्या शोचे पहिले श्रोते तेच.

ही पद्धत कुठे चालत नाही तेही सांगते. ‘द्राक्ष शेती’ या शब्दावर मी अजून कुठेच नाही, आणि लवकर येईन असं वाटत नाही. शोधात शब्दाबरोबर लोकप्रियताही मोजली जाते, तिथे मोठी चॅनेलं बसलेली आहेत. ‘डावणी दोन दिवस’, ‘गोडी छाटणी पाऊस’ अशा अरुंद शोधांत मात्र माझे भाग दिसतात. शिवाय हंगाम : ऑक्टोबरच्या फळछाटणीच्या दिवसांत डावणीचा भाग दिवसाला जेवढा शोधला जातो, तेवढा उन्हाळ्यात महिन्यातही नाही. त्यामुळे एप्रिलमध्ये आकडे पाहून शीर्षक फसलं असं ठरवायचं नाही. मी ठरवलं होतं, बदललंही, आणि ऑक्टोबर लागायच्या आत जुनं परत लावलं.

आणि ॲपलचे ट्रान्स्क्रिप्ट, त्यावर फार विसंबू नका. मार्च २०२४ मध्ये आले तेव्हा इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश एवढ्याच भाषांत होते. पाहुणा तासभर डावणी डावणी म्हणत असला तरी माझ्यासाठी तो शब्द शीर्षकात मीच लिहावा लागतो. पिंपळगावच्या काकांना नवं शीर्षक पाठवलं, त्यांचं उत्तर आलं, “आता सापडलं. पण तुमचा आवाज फार हळू येतोय बुवा.” पुढचे दोन महिने मायक्रोफोनचे.