जेवणाच्या नोंदीचं ॲप: राहून गेलेले दिवस नंतर अंदाजाने भरण्याचा अनुभव

बारकोड स्कॅन होतो, पदार्थांची यादी मोठी आहे, वजनाचा आलेख निघतो. हे सगळं तुम्ही वापरलेलं असेल आणि त्यात माझी काही तक्रार नाही. मी लिहायला बसले ते एका गोष्टीसाठी. ज्या दिवशी नोंद करायची राहून जाते, तो दिवस हे ॲप शून्य कॅलरीचा धरतं आणि तसाच आठवड्याच्या सरासरीत घालतं. माणूस दिवसभर उपाशी होता, असं गृहीत धरून पुढचं सगळं गणित होतं.

मी ग्राहक सेवेला लिहिलं. पहिलं उत्तर आलं की रोज नोंद करण्याची सवय लावा, त्यासाठी आठवण करून देणारी सूचना चालू करा. मी पुन्हा लिहिलं की प्रश्न सवयीचा नसून सरासरीचा आहे. तेव्हा कळलं की अपुरा दिवस सरासरीतून वगळायचं बटण आहे, पण ते पैसे भरणाऱ्यांनाच मिळतं. रिकाम्या रकान्याला शून्य समजणं ही चूक आहे, आणि चूक दुरुस्त करून देण्याचे पैसे मी भरणार नाही. साध्या स्प्रेडशीटमध्ये `=AVERAGE(B2:B8)` लिहिलं तर रिकामा रकाना आपोआप बाजूला राहतो. फुकटच्या सूत्राला जे जमतं ते या ॲपला जमायला हवं.

याने नक्की काय बिघडतं, ते एका आठवड्यावर दाखवते. समजा पाच दिवसांची नीट नोंद आहे, रोज साधारण 1900 कॅलरी. सहाव्या दिवशी एका समारंभाला जेवण झालं, सातवा दिवस प्रवासात गेला, आणि दोन्ही दिवस कोरे राहिले. ॲप 9500 ला सातने भागतं आणि 1357 दाखवतं. आता वजन महिनाभर स्थिर असेल तर ॲपचा निष्कर्ष निघतो की या व्यक्तीचा रोजचा कॅलरींचा खर्चच साडेतेराशेच्या आसपास आहे. मग ॲप रोजच्या कॅलरींचं लक्ष्य आणखी खाली ओढतं. इथेच बहुतेक जण वैतागून डायरी सोडतात. एवढं कमी खाऊनही वजन हलत नाही असं त्यांना वाटतं, आणि ते एवढं कमी खातच नसतात.

सुरुवातीला माझं मत होतं की कोरे दिवस वगळले की प्रश्न मिटला. स्प्रेडशीट तेच करते, सरासरी 1900 येते, दिसायला ठीक. पण काही आठवडे बघितल्यावर माझं मत बदललं. नोंद कुठल्या दिवशी राहते हे पाहा. घरी ठरलेलं जेवण असतं तेव्हा ती राहत नाही. बाहेर जेवण असतं, पाहुणे येतात, रात्री उशिरापर्यंत गप्पा आणि खाणं चालतं, तेव्हा राहते. म्हणजे गाळलेले दिवस जवळजवळ नेहमी जास्त खाण्याचेच असतात. ते वगळले की सरासरी दर वेळी एकाच बाजूला, खाली, सरकते. स्प्रेडशीटही इथे कामाची नाही. दिवस भरावाच लागतो, अंदाजाने का होईना.

अंदाज चुकेल, ही भीती खरी आहे. पण किती चुकेल ते बघू. वरच्या आठवड्यात समारंभाचा दिवस 2700 आणि प्रवासाचा 2400 धरला, तर एकूण 14600 आणि सरासरी 2086 होते. दोन्ही दिवसांचा अंदाज एकाच दिशेने चारशे-चारशेने चुकला, तरी सरासरीत फरक पडतो 114 चा. दिवस वगळले असते तर फरक 186 चा, आणि शून्य धरले तर सातशेच्या वर. बऱ्यापैकी ढोबळ अंदाजही कोऱ्या रकान्यापेक्षा सत्याच्या जवळ असतो. ही आकडेमोड केल्यापासून मी एकही दिवस रिकामा सोडलेला नाही.

भरायची पद्धत मी आहार सर्वेक्षणांकडून घेतली. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सर्वेक्षणात लोकांना आदल्या दिवशीचं खाणं पाच फेऱ्यांत विचारतात. आधी जे आठवेल ते भराभर सांगायचं, मग हमखास विसरले जाणारे पदार्थ तपासायचे, मग वेळ आणि प्रसंग, मग प्रत्येक पदार्थाचा तपशील आणि प्रमाण, आणि शेवटी एकदा सगळ्यावरून नजर फिरवायची. यातली पहिली फेरी प्रमाणाशिवाय करायची, हे मला सगळ्यात उपयोगी पडलं. पहिल्याच पदार्थापाशी किती ग्रॅम असेल याचा विचार करत बसलं की पुढचे तीन पदार्थ डोक्यातून निघून जातात.

दुसरी फेरी गाळू नका. विसरले जातात ते मुख्य पदार्थ नसतात. विसरली जातात पेयं, त्यातली साखर, स्वयंपाक करताना चाखलेलं, कुणाच्या ताटातून उचललेला घास, मूठभर दाणे, जेवणानंतरचं गोड. वेळेची फेरी करताना फोनमधले फोटो आणि त्या दिवशीचे मेसेज उघडून बसते. जेवणाचा फोटो नसला तरी आपण किती वाजता कुठे होतो ते कळतं, आणि तिथे काय खाल्लं ते मागोमाग आठवतं.

समारंभाचं ते जेवण असं भरलं. भात अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम. शिजलेल्या भाताच्या शंभर ग्रॅमला साधारण 130 कॅलरी, म्हणजे 325 ते 455. तेलातली भाजी 150 ते 300. तळलेला पदार्थ 250 ते 400. गोड 250 ते 400. साखरेचं पेय एक कॅन, सुमारे 140. बेरीज खालच्या बाजूने 1115, वरच्या बाजूने 1695. बरोबर मधला आकडा 1405 येतो, पण मी 1500 लिहिले. सकाळपासूनचं घरचं खाणं 1200 होतं, त्यामुळे दिवस झाला 2700.

मध्यापेक्षा थोडं वर का? कारण माणूस स्वतःचं खाणं कमीच सांगतो. 1992 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांचं खाणं त्यात मोजलं, तर त्यांनी सांगितलेला आकडा प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्क्यांनी कमी निघाला. शिवाय मोठा वाढप आपल्याला असतो त्यापेक्षा लहान वाटतो आणि लहान वाढप मोठा. म्हणून भरगच्च ताटाचा अंदाज वरच्या अर्ध्यात ठेवणं योग्य. मात्र अपराधी वाटतंय म्हणून चार हजार लिहू नका. फुगवलेला आकडाही गणित तितकंच बिघडवतो.

आता तेल. माझ्या मते मागाहून केलेल्या अंदाजातली निम्मी चूक तेलाचीच असते. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 14 ग्रॅम आणि 120 कॅलरी. ते ताटात दिसत नाही, चवीवरून मोजता येत नाही, आणि ॲपच्या यादीत एकाच नावाच्या भाजीच्या दहा नोंदी असतात, प्रत्येकीत तेल वेगळं. बहुतेक लोक त्यातली सगळ्यात कमी आकड्याची नोंद निवडतात. मी आता बाहेरच्या प्रत्येक शिजवलेल्या पदार्थामागे एक मोठा चमचा तेल वेगळी नोंद म्हणून घालते. पदार्थ ताटात तेलाची चकाकी सोडत असेल तर दीड चमचा. त्यासाठी यादीतून कमी तेलाची नोंद मुद्दाम निवडते, म्हणजे तेल दोनदा धरलं जात नाही.

आणखी एक मत बदललं. आधी मला सगळ्या जेवणाचा एकच आकडा टाकायची सोय पुरेशी वाटायची. चटकन होतं, दिवस भरतो. पण महिन्यानंतर मागे पाहिलं तर त्या दिवसांत प्रथिनं आणि चरबी शून्य. पुन्हा तोच शून्याचा घोळ, फक्त दुसऱ्या रकान्यात. आता ढोबळ का होईना, चार-पाच पदार्थ वेगळे भरते. वेळ थोडा जास्त लागतो, पण आपला अंदाज कुठे ढिला आहे ते नंतर दिसतं. आदला दिवस कॉपी करायचं बटण मात्र सकाळच्या नेहमीच्या खाण्यापुरतंच वापरते. पूर्ण दिवस कॉपी केला तर विशेष दिवसावर साधा दिवस चिकटवला जातो.

दुसऱ्या दिवशीच्या वजनावरून उलटा हिशोब करू नका, हे कळकळीने सांगते. एका किलो चरबीमागे साधारण 7700 कॅलरी धरतात. रात्रीत काटा किलोभर वर गेला म्हणून कुणी तेवढं जास्तीचं खाल्लेलं नसतं. मीठ आणि कर्बोदकं जास्त गेली की शरीर पाणी धरून ठेवतं, आणि पोटातल्या अन्नालाही वजन असतं. दोन-तीन दिवसांत ते उतरतं.

मर्यादा आहेत. शक्यतो दुसऱ्या दिवशीच भरा. चार-पाच दिवस उलटले की पदार्थ आठवत नाहीत, आठवल्यासारखे वाटतात. तेव्हा मी पदार्थ जुळवत बसत नाही. तशाच प्रकारच्या आधीच्या नोंदलेल्या दिवसांची सरासरी टाकते, समारंभाला समारंभाची आणि प्रवासाला प्रवासाची. प्रत्येक अंदाजी दिवसाच्या टिपणात ‘अं’ लिहिते. आठवड्यातले निम्म्याहून जास्त दिवस ‘अं’ असतील तर त्या आठवड्यावरून लक्ष्य बदलत नाही. डायरी कॅलरीसाठी नसून एखाद्या पदार्थाचा त्रास होतो का हे शोधायला ठेवली असेल, तर मागाहून भरू नका. तिथे ज्या पदार्थावर संशय आहे तोच आधी आठवतो, आणि नोंद त्याच्याविरुद्धचा खोटा पुरावा होऊन बसते. इन्सुलिनचा डोस कर्बोदकांवर ठरवणाऱ्यांनाही मागाहूनचा अंदाज कामाचा नाही, त्यांना आकडा जेवणाआधीच हवा असतो. आणि मागचं भरताना छातीत धडधड होत असेल, तर तो दिवस कोराच राहू दे.

ॲपबद्दल उरलेलं थोडक्यात. मागच्या तारखेला नोंद करता येते, पण सलग दिवसांची मोजणी त्याने पुन्हा जुळत नाही, तुटली ती तुटलीच. मी तो आकडा पहिल्या पानावरून काढून टाकला, सेटिंगमध्ये सोय आहे. टिपणांत शोधता येत नाही, त्यामुळे ‘अं’ लावलेले दिवस मला स्प्रेडशीटमध्ये वेगळे उतरवावे लागतात. पदार्थांच्या यादीसाठी चार तारे, सरासरीसाठी एक. पैसे न भरता वापरत राहणार आहे, आणि कोरा दिवस शून्य धरू नका हे दर नव्या आवृत्तीनंतर त्यांना लिहीत राहणार आहे.