माइल्ड स्टील आणि बीड: ओढल्यावर कोण कसं तुटतं

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये 10 मिमी व्यासाच्या दोन सळ्या, एक माइल्ड स्टीलची आणि एक बिडाची म्हणजे कास्ट आयर्नची, यूटीएमवर, म्हणजे सळी ओढून तोडणाऱ्या यंत्रावर, ओढल्या. क्षेत्रफळ 78.5 चौरस मिमी.

भार आणि लांबीच्या आलेखावर माइल्ड स्टीलची रेघ आधी सरळ चढली. या टप्प्यात भार काढला तर सळी मूळ लांबीवर येते. 20 किलोन्यूटन भाराला, म्हणजे 255 मेगापास्कल ताणाला, भाराचा काटा अडखळून किंचित मागे आला. सळी मात्र लांबतच राहिली. हाच यील्ड पॉइंट. पुढे भार पुन्हा वाढला आणि 33 किलोन्यूटनला, 420 मेगापास्कलवर, शिखर आलं. मग सळी एका जागी बारीक होऊन तिची मान तयार झाली आणि 25 किलोन्यूटनला ती तुटली. तुटताना ताण कमी दिसतो, कारण आपण मूळ क्षेत्रफळाने भागतो. मानेतला खरा ताण वाढतच असतो. व्हायवात बहुतेक जण इथेच अडकतात.

बीड म्हणजे आपली कडक भाकरी. रेघ सुरुवातीपासूनच जराशी वाकडी, यील्ड पॉइंट नाही, मानही नाही. 16 किलोन्यूटनला थेट कडाड्! कमाल ताण आणि तुटण्याचा ताण एकच, साधारण 200 मेगापास्कल. स्टीलची टोकं वाटी-शंकूसारखी, बिडाची सपाट, राखाडी, दाणेदार. बिडाची सळी जबड्यालगत तुटली तर तो आकडा धरू नका. बहुधा पकड तिरकी बसलेली असते.