‘भारत सरकार नोंदणीकृत’ टायपिंग सर्टिफिकेट आणि कागदपत्र पडताळणी

ऐरोलीतल्या एका मुलीचा अर्ज लिपिक भरतीच्या कागदपत्र पडताळणीत बाद झाला. टायपिंग तिला उत्तम येत होतं, लेखी परीक्षेत गुणही चांगले होते. अडलं ते सर्टिफिकेटवर. स्टेशनजवळच्या एका क्लासने साडेसात हजार रुपये घेऊन दीड महिन्यात ते तिच्या हातात ठेवलं होतं.

कागद बघितला तर कुणीही फसेल. जाड पिवळसर कागद, वर सोनेरी शिक्का, कोपऱ्यात होलोग्राम, मध्ये ‘कॉम्प्युटर टायपिंग, 40 शब्द प्रति मिनिट’ आणि खाली बारीक अक्षरात ‘भारत सरकार नोंदणीकृत, आयएसओ 9001’. खोटं यातलं काहीच नाही, आणि गोम तिथेच आहे. नोंदणी संस्थेची आहे, अभ्यासक्रमाची नाही. ट्रस्ट असो, कलम 8 ची कंपनी असो, उद्यम नोंदणी असो की नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक असो, या सगळ्यातून एवढंच कळतं की अशी संस्था अस्तित्वात आहे. उद्यम नोंदणी तर घरबसल्या, फुकट आणि स्वतःच दिलेल्या माहितीवर होते. आयएसओ 9001 हे संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं. विद्यार्थ्याच्या टायपिंगच्या वेगाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

क्यूआर कोडही होता. स्कॅन केला की तिचं नाव, फोटो आणि हिरवी टिकमार्क दिसायची. पण मोबाइलवर वरचा पत्ता वाचला तर ती वेबसाइट त्याच क्लासची. आपलंच सर्टिफिकेट आपणच खरं म्हणायचं, असा कारभार.

राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक पदांच्या जाहिरातीत साधारणपणे मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट या वेगाचं शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र किंवा संगणक टंकलेखन प्रमाणपत्र मागतात. ते देते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. अभ्यासक्रमाचं नाव जीसीसी-टीबीसी, मुदत सहा महिने. खासगी संस्था फक्त शिकवते आणि परीक्षेचा फॉर्म भरते. परीक्षा मात्र परिषद घेते, म्हणून फोटो आणि बैठक क्रमांक असलेलं प्रवेशपत्रही परिषदेचंच येतं. या मुलीची ‘परीक्षा’ क्लासच्याच खुर्चीवर, रोजच्या सरांसमोर झाली होती. प्रवेशपत्र नव्हतंच. खरं म्हणजे तिथेच कळायला हवं होतं, पण ज्याने खरी परीक्षा कधी पाहिलेली नाही त्याला ते कसं कळणार?

पुढची चूक जास्त महागात पडली. ऑनलाइन अर्जात टंकलेखन अर्हतेच्या रकान्यात काय निवडायचं हे तिने क्लासला विचारलं. “शासकीय टाक, नंबर आपल्या सर्टिफिकेटचा दे,” असं उत्तर मिळालं. त्यामुळे कागद तर अपुरा ठरलाच, वर अर्जातली माहितीही चुकीची निघाली. अर्जाखालच्या प्रतिज्ञापत्रावर सही उमेदवाराची असते, क्लासची नाही. आता नव्याने परीक्षा द्यावी म्हटलं तरी या भरतीला उपयोग नव्हता, कारण टंकलेखनाची अर्हता जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत हातात असावी लागते.

अस्सल परिषदेचं सर्टिफिकेट असूनही लोक अडकतात, ते वेगावर. पुष्कळजण आधी इंग्रजी 30 पास होतात आणि झालं म्हणून थांबतात. जाहिरातीत इंग्रजी 40 मागितलं असेल तर 30 चालत नाही. मराठी 30 असेल तर मात्र काम होतं.

संगणक अर्हता हा वेगळा रकाना आहे. त्यासाठी एमएस-सीआयटी किंवा केंद्र सरकारच्या नायलिट या संस्थेचा सीसीसी चालतो, पण यातलं कुठलंही टायपिंगचं सर्टिफिकेट नव्हे. सीसीसीला क्लास लावलाच पाहिजे असंही नाही. उमेदवार नायलिटच्या साइटवर स्वतः अर्ज करू शकतो. 100 प्रश्न, 90 मिनिटं आणि डिजिटल सर्टिफिकेट. केंद्राच्या एसएससी सीएचएसएल भरतीत तर क्लर्कच्या पदांना टायपिंग सर्टिफिकेट मागतच नाहीत, तिथे इंग्रजी 35 किंवा हिंदी 30 चा वेग समोर बसवून तपासतात. तेव्हा “सगळ्या सरकारी नोकऱ्यांना चालतं” असं कुणी म्हणालं की समजा, त्याने जाहिरात वाचलेली नाही, किंवा वाचूनही तो तसं म्हणतोय.

पैसे भरण्याआधी क्लासला तीन गोष्टी विचारा: सर्टिफिकेटवर सही कुणाची असेल, परीक्षा परिषदेने दिलेला संस्थेचा क्रमांक काय, आणि मागच्या सत्रातल्या एखाद्या विद्यार्थ्याचं प्रवेशपत्र बघायला मिळेल का. मिळालेली माहिती mscepune.in वर किंवा परिषदेकडे विचारून पडताळा. फीची पावती घ्या आणि तिच्यावर ‘जीसीसी-टीबीसी, मराठी 30’ असं अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव लिहून घ्या. त्या मुलीच्या पावतीवर नुसतं ‘कॉम्प्युटर कोर्स’ लिहिलं होतं. पैसे परत मागायला ती गेली तेव्हा क्लासने तीच पावती पुढे केली: टायपिंगचं आम्ही कुठे लिहून दिलंय?