‘सात टाळी’: आउटचा नियम काढल्यावरच कामाची ठरली

दोन लांब तासांच्या मध्ये क्लासमध्ये ‘सात टाळी’ बरेच महिने खेळवतोय. नियम ठाऊकच असतील: ओळीने आकडे म्हणायचे, सातच्या पाढ्यातला किंवा सात हा अंक असलेला आकडा आला की टाळी. चुकला तो आउट.

हे आउट प्रकरण गच्च भरलेल्या वर्गात अजिबात चालत नाही. मोकळ्या हॉलमध्ये आउट झालेलं पोर बाजूला जाऊन बसतं. इथे ते बाकावर मध्येच अडकलेलं असतं आणि करायला काही नाही. मग शेजाऱ्याला ढोसणं, मोबाईल, मोठमोठ्याने गप्पा. शिवाय पहिले आउट होतात ते नेमके पेंगलेले. ज्यांना जागं करायचं होतं, तेच सुटतात. मुलं रंगतात, वर्ग दणाणतो, म्हणून सुरुवातीला मला हा नियम पसंत होता. पण पुढचा तास सुरू करताना निम्मी मुलं धड्यावर यायलाच तयार नसत.

आता कुणीच आउट होत नाही. चूक झाली की पुढच्याने पुन्हा एकपासून सुरुवात करायची आणि सगळ्या वर्गाने मिळून जास्तीत जास्त पुढे जायचं. याने चित्र पार बदललं. सत्तावीस आणि अठ्ठावीस या लागोपाठच्या टाळ्यांवर गाडी हमखास अडते. सत्तावीसची टाळी पडते आणि पुढचा बेधडक ‘अठ्ठावीस’ म्हणून टाकतो. एकदा ते पार झालं की सत्तरपासून एकोणऐंशीपर्यंत सलग दहा टाळ्या. ‘ऐंशी’ कोणाच्या तोंडून येणार हे मागच्या बाकावरची मुलंही बोटांवर मोजत असतात.

टाळी पडली की दिशा उलटी, हा प्रकारही करून पाहिला. मोठ्या वर्गात तो फसतो. सातवा टाळी वाजवतो, मोजणी उलटी फिरते आणि ‘तेरा’ पुन्हा पहिल्याकडेच. पुढच्या बाकाची करमणूक, मागचे कोरडे. त्यापेक्षा दर वेळी वेगळ्या बाकापासून सुरुवात केलेली बरी.

मग शेजारच्या वर्गातून आवाजाची तक्रार आली आणि टाळीही गेली. आता सगळे जागेवर उभे राहून खेळतात आणि टाळीच्या जागी दोन्ही हात वर. हा बदल मला सर्वात जास्त आवडला, कारण आखडलेल्या पाठी मोकळ्या होतात आणि कोण चुकलं ते फळ्यापाशी उभं राहूनही दिसतं.

तीन-चार मिनिटांच्या वर मात्र ताणू नका. चुकणाऱ्याला ‘अरे काय तू!’ अशी ओरड सुरू झाली की त्याच फेरीला थांबवायचं, नाहीतर बुजरी मुलं पुढच्या वेळी आपली पाळी यायच्या आत पाणी प्यायला बाहेर पडतात.