दुबई-शारजाची नोकरी मुदतीआधी सोडताय? राजीनामा, आपसांतली संमती की कलम ४५

करार दोन वर्षांचा आणि घरी परतायचंय आठ महिने आधी, अशा वेळी कंपनीला पत्र द्यावंच लागतं. संयुक्त अरब अमिरातीत खासगी कंपन्यांसाठी २०२१ चा कामगार कायदा (क्रमांक ३३) फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. घरकामगारांचा कायदा वेगळा, त्यांनी हे हिशेब स्वतःला लावू नयेत.

राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी कापली जाते, ही जुन्या कायद्यातली गोष्ट अजून सगळीकडे ऐकू येते. आता तसं नाही. एक वर्ष पूर्ण झालं असेल, तर पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा बेसिक पगार मिळतो. पुढच्या वर्षांना ३० दिवसांचा. वरच्या महिन्यांचाही त्या प्रमाणात हिशेब होतो, बिनपगारी रजेचे दिवस मात्र वगळतात. पत्राच्या भाषेने फरक पडतो तो मुख्यतः नोटिशीच्या पैशांत आणि तिकिटात.

समजा बेसिक १२००, भत्ते धरून पगार २००० दिरहम आणि नोकरी ३ वर्षं ४ महिने. रोजचे बेसिक ४० दिरहम, म्हणजे वर्षाला ८४०. तीन वर्षांचे २५२० आणि चार महिन्यांचे २८०, मिळून २८००. रजा १८ दिवस शिल्लक असेल तर तिचे ७२०, कारण रजेचे पैसेही बेसिकवरच. एकूण ३५२० दिरहम, शिवाय चालू महिन्याचा पगार वेगळा.

साधा राजीनामा. नोटीस करारात असेल तेवढी, किमान ३० आणि जास्तीत जास्त ९० दिवस. ती पूर्ण भरली तर ३५२० हातात येतात. ३० दिवसांची नोटीस न भरता निघालात तर कंपनी महिन्याचा पूर्ण पगार मागू शकते, बेसिक नव्हे. मग २००० वजा होऊन १५२० उरतात. न सांगता निघणं तर त्याहून वाईट: गैरहजेरीची तक्रार झाली की पुढे वर्क परमिट अडकतं. तिकिटाचं दुखणं इथेच आहे. परतीचा खर्च कंपनीचा, पण तुम्ही दुसरी नोकरी धरली किंवा करार तुमच्या कारणाने संपला तर तो तुमचा, असं कलम १३ सांगतं. राजीनामा म्हणजे ‘तुमचं कारण’ असंच बहुतेक कंपन्या धरतात. त्यामुळे आधी करार वाचा. त्यात तिकीट बिनशर्त लिहिलेलं असेल, तर पत्रात त्या कलमाचा आकडा घाला.

आपसांतली संमती. कंपनीशी बरं असेल तर आमच्या मते हीच वाट धरावी. दोघांच्या लेखी संमतीने करार संपवता येतो आणि नोटीसही कमी करता येते. पत्रात विनंती अशी:

> ‘माझा करार दि. … रोजी परस्पर संमतीने संपवावा. नोटिशीचा कालावधी १५ दिवसांवर आणावा आणि उरलेल्या दिवसांची वजावट करू नये. ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा व शेवटचा पगार द्यावा आणि मुंबईपर्यंतचं विमान तिकीट कंपनीने काढावं.’

‘मुंबई’ हा शब्द गाळू नका. कायद्यात भरतीचं किंवा ठरलेलं ठिकाण आहे, त्यामुळे रत्नागिरीच्या माणसाला तिकीट कुठवरचं यावर वाद नको. पत्र प्रत्यक्षात इंग्रजीत किंवा अरबीत द्यावं लागेल. कंपनीची सही-शिक्का असलेली प्रत मिळेपर्यंत संमती झाली असं समजू नका, तोंडी ‘हो’ला अर्थ नाही.

कलम ४५. पगार थकलाय, मारहाण झाली किंवा करारात नसलेलं भलतंच काम लावलंय, तर नोटीस न देता सोडता येतं. ग्रॅच्युइटी शाबूत राहते आणि कारण कंपनीचं असल्याने तिकिटाची मागणीही भक्कम होते. पण पगार थकल्यासारख्या करारभंगात क्रम चुकवू नका: आधी कामगार मंत्रालयाकडे तक्रार, मग १४ कामकाजाचे दिवस थांबणं, आणि तरी कंपनीने सुधारणा केली नाही तर बाहेर पडणं. पत्रात ‘वैयक्तिक कारणाने’ असं सवयीने लिहिलंत तर हा आधार तुम्हीच काढून घेता. थकलेले महिने, रकमा आणि तक्रारीचा क्रमांक लिहा.

कुठलीही वाट असो, करार संपल्यापासून १४ दिवसांत सगळे पैसे मिळायला हवेत. व्हिसाचा आणि भरतीचा खर्च कापता येत नाही, तो कंपनीचाच. सगळ्यात जास्त फसगत होते ती कॅन्सलेशनच्या कागदावर. ‘सर्व देणी मिळाली’ असं त्यात असतं, आणि विमान पकडायच्या घाईत माणूस पैसे येण्याआधी सही करतो. पैसे खात्यात दिसले की मगच सही करा. कंपनी आधी सही मागत असेल तर कागद तसाच परत द्या आणि मंत्रालयात तक्रार नोंदवा. ५० हजार दिरहमपर्यंतच्या दाव्याचा निकाल मंत्रालयच देऊ शकतं.